पाच लाख बँकेला की बाजाराला?

गृहकर्ज चालू असताना हातात चार-पाच लाख रुपये आले, की घरात दोन मतं पडतात. आईवडील म्हणतात, आधी डोक्यावरचं कर्ज उतरवा. ऑफिसातला मित्र म्हणतो, ८ टक्क्यांचं कर्ज फेडायची घाई कशाला, फंडात टाक, १२ टक्के सुटतील. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघंही हिशेब अर्धाच मांडतात. आईवडील फेडलेल्या पैशातून काय कमावलं हे आकड्यात सांगत नाहीत आणि मित्र त्याच्या १२ टक्क्यांमागची अट सांगत नाही. हा हिशेब पूर्ण मांडला तर निर्णय पुष्कळ सोपा होतो. त्यासाठी एक घर डोळ्यांसमोर ठेवू.

नवराबायको दोघं नोकरी करतात. पाच वर्षांपूर्वी त्यांनी ५० लाखांचं कर्ज २० वर्षांच्या मुदतीनं घेतलं. दर ८ टक्के, महिन्याचा हप्ता ४१,८२२ रुपये. प्रत्यक्षात फ्लोटिंग दर वरखाली होत राहतो, पण हिशेब सोपा राहावा म्हणून तो पाचही वर्षं ८ टक्केच होता असं धरू. गावाकडची जमीन विकून नवऱ्याच्या वाट्याला ७ लाख आले. त्यातले २ लाख त्यांनी आजारपण आणि नोकरीच्या अडचणीसाठी बाजूला ठेवले. उरलेल्या ५ लाखांचं काय करायचं, एवढाच आपला प्रश्न आहे.

आधी त्यांच्या कर्जखात्यात डोकावू. पाच वर्षांत त्यांनी २५ लाखांहून थोडी जास्त रक्कम भरली. त्यातले जेमतेम ६ लाख २४ हजार मुद्दलात गेले, बाकीचे १८ लाख ८५ हजार व्याजात. अजून ४३ लाख ७६ हजार मुद्दल शिल्लक आहे. हा उतारा पाहून पुष्कळ जण हबकतात आणि मग एक समज पक्का होतो: बँक सगळं व्याज सुरुवातीलाच वसूल करते, त्यामुळे आता फेडून उपयोग नाही, फेडायचं होतं तर पहिल्या दोन-तीन वर्षांतच.

हा समज चुकीचा आहे, आणि तो बाजूला सारल्याशिवाय पुढचा हिशेब नीट दिसणार नाही. बँक कोणतंही व्याज आगाऊ घेत नाही. दर महिन्याला जेवढं मुद्दल शिल्लक असेल, त्यावर त्या महिन्याचं व्याज लागतं. पहिल्या महिन्यात ५० लाख शिल्लक होते, ८ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३३,३३३ रुपये झालं आणि हप्त्यातले उरलेले ८,४८९ रुपये मुद्दलात गेले. आता शिल्लक कमी झाली आहे, म्हणून व्याज २९,१७५ रुपयांवर आलं आहे. सुरुवातीला व्याजाचा वाटा मोठा दिसतो तो केवळ सुरुवातीला कर्ज मोठं असतं म्हणून. त्यामुळे कर्जाच्या पहिल्या वर्षी फेडलेला रुपया आणि अठराव्या वर्षी फेडलेला रुपया, दोन्ही दरवर्षी ८ टक्केच वाचवतात. या कर्जात अगदी सुरुवातीला १ लाख जास्तीचे भरले असते तर एकूण व्याज सुमारे पावणेचार लाखांनी कमी झालं असतं. मुदतीची दोन वर्षं उरली असताना तेच १ लाख भरले तर साडेसोळा हजारांच्या आसपास वाचतील. फरक केवढा तरी वाटतो, पण तो वर्षांचा आहे, दराचा नाही. एक लाख वीस वर्षं कामाला लागला, दुसरा दोन वर्षं.

आता ५ लाख भरून पाहू. शिल्लक ४३ लाख ७६ हजारांवरून ३८ लाख ७६ हजारांवर येईल. हप्ता आहे तोच ठेवला तर उरलेले १८० हप्ते १४५ वर येतात, म्हणजे कर्ज जवळजवळ तीन वर्षं आधी संपतं. जे ३५ हप्ते भरावे लागणार नाहीत त्यांची बेरीज १४ लाख ७२ हजारांच्या घरात जाते. त्यातून आपले ५ लाख वजा केले, तर सुमारे पावणेदहा लाखांचं व्याज वाचलं.

सगळे घोळ सुरू होतात ते इथे. पावणेदहा लाख व्याज वाचलं हा आकडा एका बाजूला ठेवतात, आणि दुसऱ्या बाजूला '५ लाख पंधरा वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर २७ लाख ३७ हजार होतात' हा आकडा. मग साहजिकच फंड जिंकतो. पण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. फंडाचा आकडा पंधरा वर्षांच्या शेवटी हातात येणाऱ्या सगळ्या रकमेचा आहे, चक्रवाढीसह. वाचलेल्या व्याजाचा आकडा नुसती बेरीज आहे. त्यात हे धरलेलंच नाही की शेवटची तीन वर्षं हे घर दरमहा ४१,८२२ रुपयांना मोकळं झालं आणि ते पैसे कुठेतरी गुंतवता येतील. ते हप्ते त्या काळात ८ टक्क्यांनीच गुंतवले असं धरलं, तर पंधराव्या वर्षाअखेर त्यांचे १६ लाख ५३ हजार होतात. आणि ५ लाख रुपये महिन्याच्या चक्रवाढीनं ८ टक्क्यांवर पंधरा वर्षं ठेवले तरी बरोबर १६ लाख ५३ हजारच होतात. दोन्ही उत्तरं एक येतात हा योगायोग नाही. कर्ज मुदतीआधी फेडणं म्हणजे कर्जाच्या दरानं केलेली गुंतवणूक. तिचा परतावा ठरलेला असतो, बाजार पडला तरी तो बुडत नाही आणि त्यावर आयकरही लागत नाही, कारण वाचवलेलं व्याज हे उत्पन्न नव्हे. तेव्हा तुलना करायची ती या १६ लाख ५३ हजारांशी.

यातून आणखी एक वाद मिटतो. बँका विचारतात, जास्तीची रक्कम भरल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत? मुदत कमी करा, व्याज जास्त वाचतं, असं सगळीकडे सांगितलं जातं. आपल्या घरानं मुदत १५ वर्षंच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तर तो ४१,८२२ वरून ३७,०४४ रुपये होईल आणि व्याजाची बचत पावणेदहाऐवजी फक्त ३ लाख ६० हजार दिसेल. पण त्या बदल्यात महिन्याला ४,७७८ रुपये आजपासूनच सुटतात. ते गुंतवले तर फरक भरून निघतो, खर्च झाले तर निघत नाही. ज्यांच्या हातून सुटलेला पैसा खर्च होतो, त्यांनी मुदत कमी करावी. ज्यांची नोकरी अस्थिर आहे किंवा घरात लवकरच एकच पगार उरणार आहे, त्यांनी हप्ता कमी करून घेण्यात काहीही गैर नाही. मात्र तीन वर्षं आधी कर्ज संपवून त्यानंतरचे हप्ते गाडीत आणि सहलीत गेले, तर प्रीपेमेंटचा फायदाही तिथेच गेला, एवढं लक्षात असू द्यावं.

आता समोरच्या पर्यायांकडे वळू. बँकेच्या मुदत ठेवीचा निकाल लगेच लागतो. एफडीवर साडेसहा टक्के मिळतात असं धरलं आणि हे घर २० टक्क्यांच्या करपट्टीत असलं, तर कर आणि उपकर जाऊन हातात ५.१५ टक्के उरतात. ५ लाखांचे पंधरा वर्षांत १० लाख ६२ हजार होतील, १६ लाख ५३ हजारांच्या जवळपासही नाहीत. बरोबरी साधायची तर त्यांना साडेदहा टक्के देणारी एफडी शोधावी लागेल, आणि एवढा दर देणाऱ्या ठिकाणी पैसे सुरक्षित नसतात. तरीही आपल्याकडे असंख्य घरांत एकाच बँकेत आठ लाखांची एफडी आणि चाळीस लाखांचं गृहकर्ज शेजारी शेजारी नांदत असतात. अडीअडचणीपुरती रक्कम सोडली, तर ही एफडी म्हणजे आपलेच पैसे बँकेला पाच टक्क्यांनी देऊन तिच्याकडून आठ टक्क्यांनी परत घेणं आहे. या एका बाबतीत मी कोणताही आडपडदा ठेवणार नाही: अशी एफडी मोडून कर्जात भरावी.

पीपीएफचा दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के झाला, तोही करमुक्त असूनही ८ टक्क्यांच्या कर्जापुढे उणाच पडतो. ठरलेल्या व्याजाच्या योजनांमध्ये बरोबरीला उभे राहणारे दोनच. एक, सुकन्या समृद्धी, जिचा दर जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के झाला. पण त्यासाठी खातं उघडताना मुलगी दहा वर्षांच्या आतली हवी आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे. दुसरा, भविष्य निर्वाह निधीतला स्वेच्छेचा वाढीव हिस्सा. ईपीएफवर २०२३-२४ साठी ८.२५ टक्के व्याज होतं. मात्र तो हिस्सा पगारातूनच कापला जातो, एकरकमी भरता येत नाही, आणि स्वतःचा हिस्सा वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला की वरच्या रकमेवरचं व्याज करपात्र होतं.

म्हणजे खरी लढत शेअर बाजाराशी. तिथे मित्राच्या १२ टक्क्यांची अट काय ते पाहायला हवं. इंडेक्स फंडात ५ लाख टाकले आणि खरोखर दरवर्षी सरासरी १२ टक्के मिळाले, तर पंधरा वर्षांनी २७ लाख ३७ हजार होतील. सध्याच्या नियमानं वर्षाला सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आणि उपकर जातो. सगळे पैसे एकदम काढले तर हातात सुमारे २४ लाख ६० हजार राहतील. कर्जफेडीपेक्षा हे आठ लाखांनी जास्त आहेत. १० टक्के मिळाले तर करानंतर जवळपास १९ लाख, तरीही जास्तच. ८ टक्केच मिळाले तर मात्र १४ लाख ६० हजार, म्हणजे कर्जफेडीहून दोन लाखांनी कमी. दोन्ही बाजू समसमान होतात तो टप्पा ९ टक्क्यांच्या जरा अलीकडे येतो. कर्जाच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त, दरवर्षी, पंधरा वर्षं. तुमच्या कर्जाचा दर वेगळा असेल तर एवढंच गणित लक्षात ठेवून आपला टप्पा काढता येईल.

पंधरा वर्षांत ९ टक्के मिळणं अवघड आहे का? सेन्सेक्सचा इतिहास इथे बोलका आहे, आणि मी मुद्दाम सगळ्यात वाईट दिवस निवडतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो काही काळ ८ हजारांच्याही खाली होता. जानेवारीत ५ लाख घातलेल्याला दिवाळीत दोन लाखांच्या आसपास दिसत होते, आणि त्याचा हप्ता मात्र तेवढाच चालू होता. सेन्सेक्स २१ हजारांच्या वर पुन्हा स्थिरावायला २०१३ चा शेवट उजाडला. म्हणजे सहा वर्षं वाट पाहून मुद्दल जेमतेम परत. पुढे जानेवारी २०२३ मध्ये तो ६० हजारांच्या आसपास होता. पंधरा वर्षांचा हा प्रवास दरसाल सव्वासात टक्क्यांचा होतो, त्यात लाभांशाचा एक-दीड टक्का मिळवला तर साडेआठच्या जवळ. म्हणजे अगदी शिखरावर पैसे घालणाऱ्याला पंधरा वर्षांच्या धीरानंतर जवळपास आजच्या गृहकर्जाच्या दराइतकाच परतावा मिळाला. आणि त्याच २००८ च्या ऑक्टोबरअखेर घाबरून न जाता पैसे घालणाऱ्याचे पुढच्या पंधरा वर्षांत लाभांश धरून सातपटींहून जास्त झाले.

या दोन टोकांमधून मला दोन गोष्टी दिसतात. पंधरा वर्षं हात न लावता ठेवता येणार असतील, तर बाजाराची बाजू भक्कम आहे; वाईटातल्या वाईट सुरुवातीलाही नुकसान झालं नाही, फायदा निसटला इतकंच. पण पाच-सहा वर्षांत मुलीचं शिक्षण, घराची दुरुस्ती किंवा निवृत्ती येणार असेल, तर त्याच बाजारानं सहा वर्षं शून्य देऊन दाखवलेलं आहे. तिथे ठरलेल्या ८ टक्क्यांना तोड नाही. म्हणून कर्ज फेडावं की गुंतवावं या प्रश्नाआधी हे पैसे किती वर्षं लागणार नाहीत, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. दहा वर्षांच्या आतलं उत्तर आलं, तर मी कर्जाकडे झुकेन.

धीराचाही भाग आहे. मार्च २०२० मध्ये बाजार जानेवारीतल्या ४२ हजारांवरून काही आठवड्यांत २६ हजारांच्या आसपास आला, तेव्हा कित्येकांनी एसआयपी थांबवल्या, फंड विकले. पुढच्या वर्षभरात बाजार दुप्पट झाला तो त्यांच्याशिवाय. कागदावरचे १२ टक्के हे न विकणाऱ्याचे असतात. तुम्ही याआधी अशी पडझड पाहून गप्प बसला असाल, तर तुम्हाला स्वतःबद्दल काहीतरी ठाऊक आहे. पाहिलीच नसेल, तर सगळे ५ लाख तिथे एकदम लावू नयेत.

आयकराचा मुद्दा इथे हमखास निघतो: कर्ज फेडलं तर व्याजावरची सवलत जाईल. नवी करप्रणाली घेतलेल्यांचा हा प्रश्नच उरलेला नाही, कारण तिच्यात स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट आहे. पण आपल्या घराचं या वर्षीचं व्याज ३ लाख ४४ हजार आहे. वजावट घेणारा एकच असेल, तर त्याला २ लाखांवरच्या व्याजाचा करात काहीच उपयोग होत नाही. ५ लाख भरल्यावर वर्षाचं व्याज चाळीस हजारांनी कमी होऊन तीन लाखांच्या आसपास येईल, म्हणजे वजावट पूर्वीइतकीच, एक रुपयाही न गमावता. वजावट खरोखर कमी व्हायला लागते ती ८ टक्क्यांच्या कर्जात शिल्लक २५ लाखांच्या खाली गेल्यावर. नवराबायको दोघंही मालक आणि दोघंही कर्जदार असतील, तर प्रत्येकाला २ लाखांची वजावट मिळते. मग मात्र फेडलेल्या प्रत्येक रुपयाबरोबर सवलतही घटते. अशा वेळी जुन्या प्रणालीतल्या ३० टक्के करपट्टीच्या माणसाला ८ टक्क्यांचं कर्ज प्रत्यक्षात साडेपाच टक्क्यांनाच पडतं, आणि त्यानं फेडायची घाई करू नये. थोडक्यात, सवलत जाईल असं म्हणण्याआधी आपलं वर्षाचं व्याज आणि आपली मर्यादा शेजारी ठेवून पाहावी.

कर्जाच्या बाजूनं एक धोका मात्र असा आहे, ज्याचा हिशेबात फारसा विचार होत नाही. आपण ८ टक्के ठरलेला परतावा म्हणालो खरं, पण फ्लोटिंग कर्जाचा दर स्थिर नसतो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या निर्देशकाला, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, जोडलेली आहेत. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. त्या स्वस्ताईत कोणी ७ टक्क्यांनी ५० लाखांचं वीस वर्षांचं कर्ज घेतलं असेल, तर हप्ता ३८,७६५ रुपये बसला. दोन वर्षांनी शिल्लक साडेसत्तेचाळीस लाख असताना दर साडेनऊ झाला, तर नुसतं व्याजच महिन्याला ३७,६०० च्या वर जातं. हप्त्यातले जेमतेम अकराशे रुपये मुद्दलात पडतात. हप्ता तेवढाच ठेवला तर अठरा वर्षांचं उरलेलं कर्ज सदतीस वर्षांचं होतं. त्या काळात अनेकांचे हप्ते तेच राहिले आणि मुदत मात्र वाढत गेली, आणि ते त्यांना खूप उशिरा कळलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की दर बदलताना हप्ता आणि मुदतीवर काय परिणाम होणार ते कर्जदाराला कळवा आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला ठरवू द्या. दर चढत असताना भरलेले ५ लाख चढ्या दरानं काम करतात, उतरताना उतरत्या दरानं. २०२५ मध्ये रेपो खाली आला तेव्हा फेडण्याची ओढ तेवढी कमी व्हायला हवी होती आणि बाजाराची बाजू तेवढी वर. हा निर्णय एकदा घेऊन विसरण्याचा नाही. दर अर्ध्या टक्क्यानं हलला की पुन्हा मांडून पाहायचा आहे.

आणि फेडण्याआधी एक फोन. तुमचं कर्ज जुन्या पद्धतीनं एमसीएलआर किंवा बेस रेटला जोडलेलं असेल, तर तीच बँक नव्या ग्राहकाला आज किती दरानं कर्ज देते ते विचारा. आपल्या घराचा दर साडेआठ असता आणि थोडं शुल्क भरून तो आठवर आणता आला असता, तर पहिल्या वर्षीच सुमारे २१ हजारांचं व्याज कमी झालं असतं. एवढं वाचवायला एरवी अडीच लाखांहून जास्त रक्कम कर्जात भरावी लागली असती. बँक ऐकत नसेल तर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवता येतं. मात्र त्यात प्रक्रिया शुल्काबरोबर नव्या गहाणाचं मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा खर्च येतो, तो आधी जमेस धरावा.

कर्जफेडीचा खरा तोटा माझ्या मते परताव्यात नाही. एकदा भरलेले पैसे परत येत नाहीत, हा तो तोटा. घराची किंमत वाढली, कर्ज कमी झालं, तरी उद्या नोकरी गेली तर भिंतीतून पैसे काढता येत नाहीत. टॉप-अप कर्ज मागायला गेलात तर बँक आधी पगाराची स्लिप मागते, आणि नेमकी तीच नसते. म्हणूनच आपल्या घरानं आधी २ लाख बाजूला ठेवले. एकाच पगारावर घर चालत असेल, तर हप्ता आणि घरखर्च मिळून सहा महिन्यांची सोय हवी, आणि तेवढी नसेल तर ५ लाखांतूनच ती आधी पूर्ण करावी. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल, तर तेही गृहकर्जाच्या आधी. या तोट्यावर एक उपायही आहे. काही बँका गृहकर्जाला ओव्हरड्राफ्ट खातं जोडून देतात, स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे त्यातलं जुनं नाव. त्या खात्यात ५ लाख ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर ते काढूनही घेता येतात. दर साध्या कर्जापेक्षा थोडा जास्त असतो. खात्यात सतत मोठी शिल्लक ठेवणाऱ्या व्यावसायिकांना तो परवडतो. चाळीस लाखांच्या कर्जावर पाव टक्का जास्त देऊन लाखभर रुपयेच त्यात ठेवणाऱ्याला परवडत नाही.

मग या घरानं काय करावं? दोघांचाही पीएफ कापला जातो, म्हणजे ठरलेल्या व्याजाची गुंतवणूक त्यांच्याकडे आहेच, शेअर बाजारात मात्र काहीच नाही. मोठी मुलगी दहावीत आहे, तिच्या शिक्षणाचा मोठा खर्च सहा-सात वर्षांत संपेल. निवृत्ती पंधरा वर्षांच्या पलीकडे आहे. मी त्यांना ३ लाख कर्जात भरायला आणि २ लाख इंडेक्स फंडात घालायला सांगेन, तेही एकरकमी न घालता वर्षभरात हप्त्याहप्त्यानं. ३ लाख भरून, हप्ता तोच ठेवून, कर्ज २२ महिन्यांनी लवकर संपतं, निवृत्तीआधी पुरेसा श्वास मिळतो. २ लाखांना पंधरा वर्षं हात लावायची वेळ येऊ नये, इतके पैसे त्यांनी बाजूला ठेवलेले आहेत. मुलगी नसती आणि वय तिशीतलं असतं, तर मी हे प्रमाण उलटं सांगितलं असतं. पन्नाशी ओलांडलेली असती, तर सगळे ५ लाख कर्जात.

भरायला जाताना दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. कर्ज फ्लोटिंग दराचं आणि व्यवसायासाठी नसलेलं, व्यक्तीच्या नावावरचं असेल, तर मुदतीआधी भरण्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ही मनाई २०१२ मध्येच केली. ठरावीक दराच्या कर्जाला मात्र करारातलं कलम वाचावं लागतं. रक्कम 'मुद्दलाचं पार्ट पेमेंट' म्हणून भरली जात आहे हे लिहून घ्यावं, कारण कधी कधी ती आगाऊ हप्ते म्हणून खात्यात पडून राहते आणि व्याज कमी होत नाही. मुदत कमी करायची की हप्ता, हेही अर्जात स्पष्ट लिहावं आणि नवं परतफेडीचं वेळापत्रक मागून घ्यावं. सगळं नीट झालं की नाही, ते पुढच्या महिन्याच्या उताऱ्यात दिसतं. ३ लाख खरोखर मुद्दलात गेले असतील, तर २९,१७५ च्या जागी व्याजाच्या रकान्यात २७,१७५ च्या आसपासचा आकडा हवा. महिन्याच्या मध्यात भरले असतील तर तो त्यापुढच्या महिन्यात दिसेल. तरीही तो आकडा २९ हजारांवरच असेल, तर त्याच दिवशी शाखेत जावं.